एकरकमी प्रस्ताव की टप्प्यांचा? देवगडच्या बागायतदाराला लिहायचं पत्र

समजा, डिसेंबरच्या मध्यावर देवगडच्या एका हापूस बागायतदाराचा फोन येतो: "वेबसाइट करायची आहे, किती घ्याल?" एप्रिलमध्ये त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज तीस-चाळीस ऑर्डरी येतात, पुण्या-मुंबईच्या घरांतून. फ्रीलान्सर म्हणून तुम्ही दोन प्रकारची पत्रं पाठवू शकता. एकात सगळं काम, एक रक्कम, एक तारीख. दुसऱ्यात आधी छोटा, स्वतंत्र पैशांचा पहिला टप्पा आणि पुढच्या कामाचा फक्त अंदाज. दोन्हींची सुरुवात मात्र सारखीच असते, आणि बहुतेक प्रस्ताव तिथेच फसतात.

"आपल्या व्यवसायाला डिजिटल ओळख मिळवून देऊ" हे वाक्य सराफालाही चालतं आणि डेंटिस्टलाही. बागायतदाराला त्यात आपलं काही दिसत नाही. त्याऐवजी फोनवर चार प्रश्न विचारा: मागच्या हंगामात कुठली पेटी चुकीच्या पत्त्यावर गेली? पैसे आले की नाही हे कोण, कसं तपासतं? ट्रान्सपोर्टवाल्याला यादी कोण लिहून देतं? भाव किती वेळा बदलतो? उत्तरांतून असा परिच्छेद तयार होतो:

"ऑर्डर एका नावाने येते आणि यूपीआयचे पैसे घरातल्या दुसऱ्याच्या नावाने जमा होतात. त्यामुळे रोज रात्री स्क्रीनशॉट आणि बँकेचे मेसेज जुळवण्यात तुमचे दोन तास जातात आणि काही पेट्या एक दिवस उशिरा निघतात. फळ पिकत असताना हा एक दिवस महाग पडतो."

हे वाचलं की गिऱ्हाइकाला कळतं, आपलं दुखणं या माणसाला समजलंय. तुम्हालाही कळतं की त्यांना चकचकीत वेबसाइटपेक्षा ऑर्डर आणि पैसे जुळवण्याची सोय हवी आहे.

यापुढे दोन पत्रं वेगळी होतात. एकरकमी पत्रात काय देणार ते मोजता येईल असं लिहावं लागतं. "वेबसाइट" म्हणजे नेमकं काय, यावरूनच पुढे वाद होतात. या कामात ते असं असेल: मोबाइलवर भरता येणारा एक ऑर्डर फॉर्म (पेटीचा आकार, संख्या, पत्ता, पिनकोड आणि पैसे भरल्यावर मिळणारा यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक), बागायतदाराला स्वतःच्या फोनवरून भाव बदलता येईल असं एक पान, ट्रान्सपोर्टसाठी पिनकोडप्रमाणे लावलेली, छापता येणारी रोजची यादी. भावाचं पान विसरलात तर हंगामात आठवड्यातून दोनदा "जरा भाव बदला ना" असा फोन येईल, आणि ते काम फुकट करावं लागेल.

त्याखाली काय येणार नाही तेही लिहा: पेमेंट गेटवे नाही, इंग्रजी आवृत्ती नाही, जाहिरातबाजी नाही. गेटवे का नाही हेही एका ओळीत सांगा: त्यावर साधारण २ टक्के कमिशन आणि त्यावर जीएसटी जातो, शिवाय केवायसीच्या कागदपत्रांत दिवस जातात. कारण दिलं की नकार खटकत नाही.

टप्प्यांच्या पत्रात पहिला टप्पा इतकाच: मागच्या एप्रिलच्या शंभर ऑर्डरी बागायतदारासोबत बसून वाचायच्या, कुठे काय चुकलं ते दोन पानांत मांडायचं, आणि गूगल फॉर्म व शीटवर चालणारी कामचलाऊ ऑर्डर नोंद करून द्यायची. कामचलाऊ नोंद द्यायलाच हवी. नुसता अहवाल दिला तर "कागदाचे नऊ हजार?" असं घरात कुणीतरी म्हणणारच. ती नोंद असेल तर त्यांनी पुढचं काम दिलं नाही तरी हंगाम निघतो.

आकड्यांत दोन्ही पत्रं अशी दिसतील:

| | एकरकमी | टप्प्यांचं |
|---|---|---|
| रक्कम | ४८,००० रुपये | आधी ९,०००. पुढे ३०,००० ते ४२,००० |
| आगाऊ | ४० टक्के, म्हणजे १९,२०० | पहिल्या टप्प्याचे पूर्ण ९,००० |
| ५ जानेवारीला सुरू केलं तर | १६ फेब्रुवारीला हाती | १५ जानेवारीला पहिला टप्पा, सगळं २६ फेब्रुवारीला |
| चूक झाली तर भुर्दंड | तुमच्यावर | दोघांत वाटलेला |

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. एकरकमी कामात अर्ध्यावर कळलं की काही गिऱ्हाइकं एकाच ऑर्डरीत चार पत्त्यांवर पेट्या पाठवतात, तर फॉर्म पुन्हा बांधण्याचे दिवस तुमचे. शंभर ऑर्डरी आधी वाचल्या असत्या तर ते पहिल्याच दिवशी दिसलं असतं. पण टप्प्यांच्या पत्रात गिऱ्हाइकाला शेवटचा आकडा मिळत नाही, म्हणून पुढच्या कामाची वरची मर्यादा न चुकता लिहा. "नंतर ठरवू" वाचून छोटा व्यावसायिक गप्प बसतो आणि परत फोन करत नाही.

वेळापत्रक मात्र दोन्हीकडे उलट मोजायचं. ऑर्डरी मार्चच्या मध्यापासून वाढतात असं धरलं, तर फेब्रुवारीअखेर सगळं चालू हवं आणि त्याआधी एक आठवडा खोट्या ऑर्डरी भरून पाहायला हवा. गिऱ्हाइकाकडून काय, कधी लागेल तेही त्याच परिच्छेदात: मागच्या हंगामातले बारा फोटो (जानेवारीत पिकलेला हापूस आणायचा कुठून?), बँकेशी जोडलेला क्यूआर आणि डोमेन घेण्यासाठी त्यांचाच ईमेल. डोमेन त्यांच्याच नावावर घ्या. पत्रात असं लिहा: "साहित्य १२ जानेवारीपर्यंत मिळाल्यास ही तारीख पाळता येईल. जितके दिवस उशीर, तितके दिवस तारीख पुढे."

बदलांची मर्यादाही इथेच येते. "दोन फेऱ्या" एवढंच पुरत नाही. एका फेरीतले सगळे बदल एकाच मेसेजमध्ये येतील आणि अंतिम होकार कोण देणार हे एका माणसापुरतं ठरवलेलं असेल, असं लिहा. नाहीतर बागायतदार पिवळा रंग सांगतात, मुंबईचा पुतण्या हिरवा. दुरुस्तीची मुदतही ३० दिवस लिहू नका, ३१ मेपर्यंत लिहा. फेब्रुवारीत दिलेल्या कामाची खरी परीक्षा एप्रिलमध्ये असते.

मग पाठवायचं कुठलं? गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीचा प्रवास फोन ते पेटीपर्यंत तुम्ही दहा ओळींत न अडखळता लिहू शकत असाल आणि हंगामाला दहा आठवडे असतील, तर एकरकमी. गिऱ्हाइकालाही तेच आवडतं. दहा ओळींत दोन ठिकाणी "बहुधा" लिहावं लागलं तर टप्प्यांचं. फोन फेब्रुवारीच्या मध्यावर आला, तर फक्त पहिल्या टप्प्याचं पत्र द्या: ९,००० रुपये, दहा दिवस, कामचलाऊ नोंद, आणि उरलेल्या कामाचा प्रस्ताव जूनमध्ये, आंबा संपल्यावर, याच हंगामाच्या ऑर्डरी समोर ठेवून.