‘नमुना लहान आहे’ या शेऱ्याला दोन उत्तरं: पॉवर की अचूकता?

समजा, बीडच्या ऊसतोड महिलांमधल्या रक्तक्षयावरचा तुमचा लेख शेरा घेऊन परत आला: ‘९६ महिला अपुऱ्या, ३८४ हव्या होत्या.’ समीक्षकाला उत्तर दोन तऱ्हांनी देता येतं.

पहिली तऱ्हा म्हणजे निकाल हाती आल्यावर पॉवर काढायची आणि ती पुरेशी होती असं लिहायचं. काम झटपट होतं, पण मी ते करू देणार नाही. निकालातूनच काढलेली पॉवर हे पी-मूल्याचंच दुसरं रूप असतं. पी ०.०५ आला की ती सुमारे ५० टक्के निघणारच. होएनिग आणि हायसे यांनी २००१ मध्ये हे नीट मांडलं आहे. शिवाय इथे आपण प्रमाण मोजतोय, दोन गटांची तुलना करत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे प्रत्यक्ष किती अचूकता मिळाली ते दाखवायचं. ३८४ हा आकडा ५० टक्के प्रमाण आणि ५ टक्के चूक-मर्यादा धरून येतो. मर्यादा १० टक्के धरली की तेच सूत्र ९६ देतं. म्हणजे खरा प्रश्न एवढाच, की आपल्या निष्कर्षाला १० टक्के पुरतात का?

९६ पैकी ५८ महिलांना रक्तक्षय आढळला असं धरू. प्रमाण ६० टक्के, आणि विल्सन पद्धतीने ९५ टक्के विश्वासांतर ५० ते ७०. पण इथे थांबलात तर चाणाक्ष समीक्षक पकडेल. महिला एकेकट्या निवडलेल्या नाहीत, १२ टोळ्यांतून प्रत्येकी ८ घेतल्या आहेत. एका मुकादमाच्या टोळीत नात्यागोत्याच्या बायका असतात, खाणंपिणं सारखंच, म्हणून त्यांची मोजमापं एकमेकींशी जुळतात. टोळीअंतर्गत सहसंबंध ०.०५ धरला, तर डिझाइन इफेक्ट १ + ७ × ०.०५ = १.३५ येतो. ९६ महिलांची माहिती ७१ जणींइतकीच भरते आणि विश्वासांतर ४९ ते ७१ होतं. प्रत्यक्ष पत्रात हा सहसंबंध स्वतःच्या माहितीतून काढून द्या.

आता पत्रात असं लिहिता येतं: ‘टोळीनिहाय निवड लक्षात घेतल्यावर विश्वासांतर ४९ ते ७१ टक्के आहे. जागतिक आरोग्य संघटना ४० टक्के व त्यापुढचं प्रमाण गंभीर मानते, आणि आमची खालची मर्यादाही त्याच्या वर आहे. अंतराची रुंदी निम्मी करायला चौपट महिला, म्हणजे ४८ टोळ्या लागल्या असत्या. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघण्याआधी ते शक्य नव्हतं.’

वेळेची अडचण शेवटी ठेवा. ती आधी आली की सबब वाटते.

लेखात बीड आणि धाराशिवची तुलना असेल, तर मात्र हे उत्तर टिकत नाही. दोन्हीकडे याच पद्धतीने ९६ महिला घेतल्या तरी फरकाची चूक-मर्यादा सुमारे १६ टक्के राहते. १० टक्क्यांचा फरक त्यात दिसणार नाही. तो दावा लेखातून काढा आणि काढल्याचं पत्रात नोंदवा.