बारशाच्या कार्डावर नावाचा इंग्रजी अर्थ: धातूवरून, देवतेवरून की वेबसाइटवरून?

कार्डावर नावाखाली इंग्रजी अर्थासाठी जेमतेम एक ओळ असते. त्यामुळे शब्दाची फोड करून अर्थ द्यायचा, ते नाव मुळात कोणाचे हे सांगायचे, की बाळांच्या नावांच्या वेबसाइटवरचा अर्थ उतरवायचा, हे आधी ठरवावे लागते.

अनिरुद्ध हे नाव घ्या. धातू रुध्, म्हणजे अडवणे. त्याला नि उपसर्ग आणि क्त प्रत्यय लागून निरुद्ध, म्हणजे अडवलेला. पुढे अ आला की झाला न अडवलेला. याचे शब्दशः इंग्रजी 'अनऑब्स्ट्रक्टेड'. व्याकरणाला धरून अगदी बरोबर, पण कार्डावर वाचताना मोकळ्या रस्त्याची आठवण होते. शब्दकोशात पाहिले तर मोनिअर-विल्यम्स याच शब्दाला 'सेल्फ-विल्ड', म्हणजे स्वतःच्याच मर्जीने वागणारा, असाही अर्थ देतात. कोशात अर्थ आहे म्हणून तो बाळाच्या नावाखाली शोभेलच असे नाही. वेबसाइटवर 'व्हिक्टोरियस' दिसला तर तो सोडून द्या, कारण जिंकणे या धातूत कुठेच नाही.

मी इथे फोड आणि परंपरा दोन्ही ठेवीन: 'वन हू कॅनॉट बी हेल्ड बॅक, ग्रँडसन ऑफ कृष्णा'. 'कॅनॉट' मूळ शब्दापेक्षा थोडे पुढे जाते हे खरे. पण हे नाव विष्णुसहस्रनामातही येते आणि तिथे 'कोणी अडवू शकत नाही असा' हाच भाव घेतला जातो, म्हणून एवढी सूट रास्त वाटते.

गौरीच्या बाबतीत मात्र फोड करूच नये. गौर म्हणजे गोरा, उजळ. इंग्रजीत 'फेअर' लिहिले की वाचणारा थेट बाळाच्या रंगाकडे बघतो. घरात नाव ठेवले जाते ते पार्वतीचे, भाद्रपदात येणाऱ्या गौरींचे. तेव्हा 'अ नेम ऑफ गॉडेस पार्वती' पुरे. देवदेवतांच्या बहुतेक नावांना हीच वाट सोयीची.

अद्वैतला याच्या उलट. इथे फोडच हवी: जिथे दोनपण नाही ते. 'नॉन-ड्युअल' कोरडे वाटत असेल तर 'वननेस' लिहा. वेबसाइटवाले सर्रास 'युनिक' देतात. तो अर्थ अद्वितीयचा. हे ओळखायला सोपी युक्ती आहे. मिळालेला इंग्रजी अर्थ परत मराठीत आणून बघा. दुसरेच नाव हाती आले तर अर्थ चुकला.

आई-बाबांच्या नावांतली अक्षरे जुळवून घडवलेले नाव असेल, तर त्याखाली ओढूनताणून संस्कृत अर्थ घालू नका. ते कोणाकोणाच्या नावांतून आले, एवढेच लिहा; आजी-आजोबांना तेच वाचायला आवडते.