स्लॅबच्या मालात जादा पाणी की प्लास्टिसायझर?

सांगलीकडे क्रश सँडमध्ये एम-२० ग्रेडच्या काँक्रीटचा माल केला की तो रखरखीत वाटतो. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी ठरलेलं, पण घमेलं उलटत नाही म्हणून मिक्सरवाला हळूच आणखी ५ लिटर ओततो. माल पळतो खरा. पण पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५ वरून ०.६ वर जातं आणि ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. सिमेंटला न लागलेलं पाणी उडून जातं, मागे बारीक छिद्रं राहतात. पुढे गळती तिथूनच.

सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे मालात घालायचं औषध, सिमेंटच्या कणांचे गठ्ठे फोडतो, त्यात अडकलेलं पाणी मोकळं होतं आणि २५ लिटरमध्येच तसाच पळता माल मिळतो. डोस कॅनवर लिहिलेला पाळा. बहुधा पोत्याला पाव ते अर्धा लिटर बसतो. कोरड्या सिमेंटवर ओतू नका. शेवटच्या दोन-तीन लिटर पाण्यात मिसळून घाला आणि मिक्सर आणखी दोन मिनिटं फिरवा. खडी खाली बसून वर पाणी तरंगलं, तर डोस जास्त झाला किंवा वाळूतला ओलावा वजा केला नाही.

पायाच्या पीसीसीला, म्हणजे सळई नसलेल्या काँक्रीटला, हा खर्च नको. बीम-कॉलमच्या सांध्यात सळ्या दाटल्या असतील तिथे मात्र तो वसूल होतो. एप्रिलच्या उन्हात स्लॅब असेल, तर सेटिंग लांबवणारा प्रकार मागा. आणि औषध घालूनही जादा पाणी ओतलंच, तर पैसे गेलेच म्हणायचे.