पश्चिमेच्या खिडकीला काय लावावं: रोलर, लाकडी ब्लाइंड की पडदा?

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारी चारनंतरचं ऊन वरून पडत नाही, समोरून घुसतं. सूर्य उतरत जातो तसा छज्जा निकामी होतो. निवड करताना आधी हे धरा.

लाकडी ब्लाइंड नेमका इथे मार खातो. पट्ट्या तिरक्या करून ऊन अडवायचं आणि उजेड घ्यायचा, हा त्याचा गुण. पण साडेपाचच्या उन्हाला अडवायचं तर पट्ट्या जवळजवळ मिटाव्या लागतात. खोली अंधारते, तरी दोरीच्या भोकांतून तिरिपी येतातच. दिसायला तिघांत तोच देखणा, आणि दक्षिणेच्या खिडकीला मी तो खुशाल सुचवेन. कोकणातल्या दमट हवेत मात्र अस्सल लाकडाच्या पट्ट्या वाकू शकतात.

रोलरमध्ये खरा प्रश्न कापडाचा. काचेतून आत आलेलं ऊन गडद कापडाने शोषलं, तर ती उष्णता खोलीतच राहते. पांढऱ्या किंवा चंदेरी पाठीचं कापड बराचसा भाग काचेतून परत बाहेर टाकतं. म्हणून काचेकडची बाजू फिकीच घ्या, आतला रंग कोणताही चालेल. जाळीदार सनस्क्रीन कापडातून बाहेरचं दिसतं, पण त्याच्या विणीत मोकळी जागा किती टक्के, ते विचारा. समोरच्या उन्हाला ५ टक्क्यांचं कापड अपुरं पडतं, सूर्य डोळ्यांत येतो; १ ते ३ टक्के बरं. झोपायच्या खोलीला सरळ ब्लॅकआउट.

माप घेताना बहुतेकांची गफलत होते. ५ फूट रुंद, ४ फूट उंच खिडकीच्या चौकटीत रोलर बसवला की दोन्ही कडांना फटी राहतात आणि तिथून उन्हाचे पट्टे भिंतीवर उमटतात. तोच भिंतीवर, प्रत्येक बाजूला ३ इंच जास्त घेऊन बसवला, तर हे टळतं. स्लायडिंग खिडकी उघडी ठेवून वारा घ्यायची सवय असेल, तर रोलर आपटत राहील, हेही लक्षात घ्या.

पडदा वाऱ्याला सांभाळून घेतो आणि घरी धुता येतो. त्याच खिडकीला रॉड ६ फुटांचा धरा आणि चुण्यांसाठी कापड दुप्पट, म्हणजे ४ फुटी तयार पडदे तीन. मागे पांढरं अस्तर हवंच, नाहीतर काही उन्हाळ्यांत कापड विटतं. वरची फट पेल्मेटने झाकली तर काचेपाशी तापलेली हवा खोलीत कमी उतरते.

माझं मत विचाराल तर हॉलला सनस्क्रीन रोलर, आणि झोपायच्या खोलीला ब्लॅकआउट रोलरवर साधा पडदा. ऑर्डर देण्याआधी दुकानदाराकडून कापडाचा तुकडा मागून आणा. पाचच्या सुमारास काचेला लावून धरा: त्यातून सूर्य टोचतो का बघा आणि दहा मिनिटांनी आतल्या बाजूला हात लावून तो किती तापलाय ते तपासा.