समितीपुढचा समेट की राजीनाम्याचा करार?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातील 2013 च्या कायद्यानुसार, तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीपुढे चौकशीआधी समेट होऊ शकतो, पण तक्रारदार स्त्रीने मागितला तरच, आणि पैशांच्या आधारावर कधीच नाही. समेट झाला की चौकशी होत नाही; मात्र समोरच्याने अट मोडल्याचे तिने कळवले, तर समितीला चौकशी करावीच लागते.

कंपनीशी केलेल्या राजीनाम्याच्या करारात पैसे मिळू शकतात, पण चौकशीकडे परतण्याचा हा रस्ता आपोआप मिळत नाही. तिथे ‘सर्व दावे सोडले’ हे कलम आधी वाचा. ग्रॅच्युइटी आणि थकीत पगार त्यातून वेगळे काढलेत का? ‘स्वेच्छेने राजीनामा’ लिहिले असेल, तर पुढे दबाव सिद्ध करणे अवघड जाते. गोपनीयतेच्या कलमात वकील, डॉक्टर आणि पोलिसांशी बोलण्याची मुभा स्पष्ट लिहून घ्या. आजच सही हवी म्हणत असतील, तर माझ्या मते कागद आधी वकिलाला दाखवावा.