सहा महिने एक्सेलमध्ये टीमचा हिशेब: गोल सोपे, मिनिटं अवघड

कोल्हापुरात आमच्या पेठेतली पंधरा वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल टीम आहे. डिसेंबर ते मे चौदा सामने झाले आणि त्यांची नोंद माझ्याकडे होती. आधी वही होती. ती पावसात भिजली, म्हणून एक्सेल. सहा महिन्यांनंतर सांगतो, निकाल आणि गोल ठेवायला फारशी अक्कल लागत नाही. कोण किती मिनिटं खेळला, ही नोंद मात्र घाम काढते.

निकालात दोनदा फसलो, ते आधी सांगून टाकतो. पहिल्या सामन्याचा स्कोअर एकाच खान्यात 2-1 असा लिहिला, तर एक्सेलने त्याची तारीख करून टाकली. तेव्हापासून आपले गोल आणि त्यांचे गोल वेगळ्या कॉलमात. दुसरी फसगत जास्त लाजिरवाणी होती. वेळापत्रकातले सगळे चौदा सामने मी आधीच भरून ठेवले होते. सहा सामन्यांनंतर तीन विजय, एक बरोबरी, दोन पराभव, म्हणजे दहा गुण हवेत. शीट अठरा दाखवत होती आणि मी ते ग्रुपवर टाकलंही! न झालेल्या आठ सामन्यांत दोन्ही खाने रिकामे, रिकामं बरोबर रिकामं, म्हणून प्रत्येकी बरोबरीचा एक गुण. आता सूत्र असं आहे:

```
=IF(E2="","",IF(E2>F2,3,IF(E2=F2,1,0)))
```

आता मिनिटं. सुरुवातीला मी डावीकडे मुलांची नावं आणि वर सामने असा तक्ता केला होता. दिसायला छान, पण आमच्या स्पर्धेत बाहेर गेलेला मुलगा परत आत येऊ शकतो. एका खान्यात "0-22, 34-60" लिहिलं की बेरीज होत नाही. शेवटी तक्ता मोडून साधी यादी केली. सामना, खेळाडू, आत आला ते मिनिट, बाहेर गेला ते मिनिट आणि वजाबाकी. मुलगा दोनदा आत आला तर त्याच्या दोन ओळी. Ctrl+T दाबून त्या यादीचं टेबल केलं आणि त्याला `tblMin` नाव दिलं, म्हणजे नवी ओळ आपोआप हिशेबात येते.

या मांडणीचा खरा फायदा पडताळणीत आहे. आमचा सामना साठ मिनिटांचा, मैदानात अकरा जण, म्हणजे प्रत्येक सामन्याची बेरीज 660 यायलाच हवी. जादा वेळ मी धरतच नाही, साठाव्या मिनिटाला पाटी बंद.

```
=660-SUMIFS(tblMin[Min],tblMin[Match],A2)
```

उत्तर शून्य आलं की झोपायला मोकळा. नवव्या सामन्यात बारा आलं. कागदावरची पेन्सिल पुन्हा वाचली. आमच्या स्ट्रायकरच्या पोटरीत 41व्या मिनिटाला गोळा आला होता आणि 53व्याला तो परतला होता. त्याच्या दोन्ही ओळी नीट होत्या. मधली बारा मिनिटं जो पोरगा धावला, त्याची ओळच नव्हती. मग मागचे सामने तपासले, तर आणखी तीन ठिकाणी फरक निघाला आणि तिन्हींत राहिलेलं नाव बेंचवरच्याच पोराचं. स्ट्रायकरला कोण विसरतो? फरक निघाला म्हणजे चूकच असते असंही नाही. मुलगा जखमी होऊन आपण पाच मिनिटं दहा जणांत खेळलो किंवा कुणाला लाल कार्ड मिळालं, तर बेरीज खरंच कमी येते. ते शेऱ्यात लिहायचं.

ही पडताळणी सगळं पकडत नाही. दोन नावांची अदलाबदल झाली तरी बेरीज 660च राहते. "ओंकार" आणि "ओमकार" ही एक्सेलला दोन वेगळी मुलं वाटतात, तेव्हाही सामन्याची बेरीज जुळते आणि त्या मुलाची मिनिटं गुपचूप अर्धी होतात. म्हणून नावं टाइप करत नाही, Data Validation च्या यादीतून निवडतो. तरी व्हॉट्सॲपवरून नाव चिकटवलं की ती राखण ओलांडून जाते, हे लक्षात ठेवा.

गोलांच्या यादीत प्रतिस्पर्ध्याच्या स्वयंगोलालाही ओळ द्या, नाहीतर निकालाशी बेरीज जुळत नाही. "मिनिटामागे गोल" हा कॉलम मात्र मी काढून टाकला. एकाने 48 मिनिटांत दोन गोल केले आणि तो यादीत सगळ्यांच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शीटचा फोटो घेऊन मैदानावर हजर!

मैदानावर मोबाईलमध्ये भरायचा नाद सोडला. उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि खाली बघेपर्यंत बदल होऊन जातो. कागद-पेन्सिल, आणि भरायचं त्याच रात्री.

मेअखेर यादी लावली, तर चौदाही सामन्यांत संघात नाव असलेला एक मुलगा एकूण 97 मिनिटं खेळला होता. प्रशिक्षकांना दाखवलं. "एवढीच? मी तर त्याला दर सामन्यात उतरवतो," म्हणाले. उतरवत होतेच, शेवटच्या सहा-सात मिनिटांसाठी.