अ‍ॅल्युमिनियमची शिडी: पायरी तुटली, तक्रार केली, त्यानंतरचे महिने

आम्ही रंगकामाची कंत्राटं घेतो. पावसाळ्याआधी एका पुरवठादाराकडून बारा फुटी सरळ शिडी घेतली. लेबलवर क्षमता १५० किलो. काही आठवड्यांतच आमचा रंगारी चढत असताना खालून पाचवी पायरी डाव्या दांड्यातून निसटली. तो खाली आला आणि त्याच्या घोट्याचं हाड मोडलं. अजूनही तो उंचावर चढायला धजत नाही, आणि त्याचं काही चुकलंय असं मला वाटत नाही.

अशा शिडीत पायरीच्या नळीचं टोक दांड्याच्या भोकातून बाहेर काढून फुलवतात. ती फुललेली कडच पायरीला धरून ठेवते. बाकीच्या पायऱ्यांची कड तीनेक मिलिमीटर होती, तुटलेल्या टोकाची जेमतेम एक, आणि तीही फाटलेली. म्हणजे नळीच आखूड कापली गेली होती. पत्रात मी हेच सगळ्यात आधी लिहिलं, सोबत पट्टी लावून काढलेले दोन्ही टोकांचे फोटो, बिल आणि लेबलवरचा बॅच क्रमांक.

पुरवठादाराचं उत्तर आलं, "जास्त वजन टाकलं असणार." त्यावर दुसऱ्या पत्रात लिहिलं: "कामगाराचं वजन ६८ किलो, हातात दहा लिटरची रंगाची बादली, सगळं मिळून ८५ च्या आत. वजनाने गेली असती तर पायरी मधोमध वाकली असती. ही नळी सरळ आहे, फोटो पाहा. याच बॅचच्या शिड्या आणखी कोणाला दिल्या असतील तर त्यांना आजच कळवा."

"तुटलेली शिडी परत पाठवा, बदलून देतो" असंही ते म्हणाले. मी दिली नाही. पुरावा तोच होता. कंपनीचा माणूस आमच्या गोदामात येऊन बघून गेला, मग पैसे परत मिळाले आणि दवाखान्याचं बिलही. बुडालेल्या मजुरीवर मात्र गप्प आहेत. कायद्याने कामावरच्या इजेची भरपाई मालकाच्या माथी येते, म्हणून रंगाऱ्याला ती आम्ही दिली आणि पुरवठादाराकडे मागतोय.

नंतर त्याच कंपनीची दुसऱ्या बॅचची शिडी घेतली. हिच्या प्रत्येक सांध्याला कडेसोबत रिव्हेटही आहे. रोज वापर आहे, अजून एकही पायरी हललेली नाही. दर आठवड्याला प्रत्येक पायरी दोन्ही हातांनी पिळून बघतो. जराही फिरली, किंवा सांध्याभोवती काळपट भुकटी दिसली, तर आत धातू घासतोय असं समजून ती शिडी बाजूला काढायची, असं सगळ्या पोरांना सांगून ठेवलंय.

शिडीला पाचपैकी चार. पुरवठादाराला दोनच, कारण त्या बॅचचे इतर ग्राहक कोण आणि त्यांना कळवलं का, याचं लेखी उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.